बायस असलेले क्लिपर आणि क्लॅम्पर: साइन इनपुटला आउटपुट कसं काढायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या पानावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरलं आहे. इनपुट १० व्होल्ट पीकची, ५० हर्ट्झची साइन वेव्ह. बायसला ३ व्होल्टची बॅटरी. डायोड सिलिकॉनचा आणि तो ऑन असताना त्याच्यावर ०.७ व्होल्ट पडतात असं धरलं आहे. डायोडची शाखा अशी: कॅथोड आउटपुटच्या टोकाला, अ‍ॅनोड बॅटरीच्या धन टोकाला आणि बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला. ही शाखा एकदा कागदावर काढून शेजारी ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

प्रश्न: क्लिपर आणि क्लॅम्पर यांत नेमका फरक काय? सर्किट तर जवळजवळ सारखंच दिसतं.

सारखंच असतं म्हणून सारखंच दिसतं. वरची डायोडची शाखा तशीच ठेवा. इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये रेझिस्टर घातला की क्लिपर होतो आणि त्याच जागी कपॅसिटर घातला की क्लॅम्पर होतो. डायोडच्या शाखेचं काम दोन्हीकडे एकच आहे, आउटपुटला एका ठरावीक पातळीच्या खाली जाऊ न देणं.

इनपुट त्या पातळीच्या खाली गेलं, की पातळी आणि इनपुट यांच्यातल्या फरकाएवढा व्होल्टेज कुठेतरी पडायला हवा. रेझिस्टर असेल तर तो तेवढ्यापुरता रेझिस्टरवर पडतो आणि इनपुट वर आलं की नाहीसा होतो. म्हणून वेव्हचा तेवढा तुकडा कापला जातो. कपॅसिटर असेल तर तोच व्होल्टेज कपॅसिटरवर साठतो आणि तिथेच राहतो. म्हणून काही कापलं न जाता अख्खी वेव्ह वर सरकते.

प्रश्न: ती "ठरावीक पातळी" कशी काढायची?

डायोड सर्किटमधून मनातल्या मनात उपटून टाका आणि विचारा, आउटपुटच्या टोकाला किती व्होल्ट असताना हा डायोड नुकता ऑन होईल? आपल्या शाखेत अ‍ॅनोडला बॅटरीचे ३ व्होल्ट कायमचे मिळालेले आहेत. डायोड ऑन व्हायला कॅथोड त्यापेक्षा ०.७ ने खाली हवा. म्हणजे आउटपुट ३ वजा ०.७, अर्थात २.३ व्होल्टवर आलं की डायोड ऑन होतो आणि त्याखाली जाऊ देत नाही. २.३ व्होल्ट ही आपल्या शाखेची जमीन.

पुष्कळ विद्यार्थी इथे ३ अधिक ०.७ करून ३.७ लिहितात, कारण बॅटरी आणि डायोड ड्रॉप यांची नेहमी बेरीजच करायची असं कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं. बेरीज की वजाबाकी हे डायोडची दिशा ठरवते. आउटपुटला कॅथोड असेल तर बॅटरीच्या व्होल्टेजमधून ०.७ वजा करायचे आणि मिळते ती जमीन. आउटपुटला अ‍ॅनोड असेल तर ०.७ मिळवायचे आणि मिळतं ते छत. बॅटरी उलटी जोडली असेल तर तिचा व्होल्टेज उणे तीन धरायचा, एवढंच. परीक्षेत "आदर्श डायोड" म्हटलं असेल तर ०.७ ऐवजी शून्य टाका. बाकी काहीही बदलत नाही.

प्रश्न: मग क्लिपरचं आउटपुट कसं दिसेल?

मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घालू. शून्य अंशाला इनपुट शून्य आहे, म्हणजे २.३ च्या खाली. त्यामुळे डायोड सुरुवातीपासूनच ऑन आहे आणि आउटपुट २.३ वर बसलेलं आहे. इथेच बरेच जण चुकतात: साइन शून्यापासून निघते म्हणून आउटपुटही शून्यापासून काढतात. आपल्या क्लिपरचं आउटपुट शून्याला कधी शिवतच नाही.

इनपुट चढत चढत २.३ ला पोचतं तेव्हा डायोड ऑफ होतो. हे किती अंशाला घडतं? १० गुणिले साइन बरोबर २.३, म्हणजे साइन ०.२३ आणि कोन सुमारे १३.३ अंश. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणून वेळ साधारण ०.७४ मिलिसेकंद. तिथून पुढे रेझिस्टरमधून करंट वाहत नाही, त्याच्यावर काही पडत नाही आणि आउटपुट इनपुटच्या बरोबरीने १० व्होल्टच्या शिखरापर्यंत जाऊन परत उतरतं. १६६.७ अंशाला, म्हणजे साधारण ९.२६ मिलिसेकंदांवर, ते पुन्हा २.३ ला येतं, डायोड ऑन होतो आणि आवर्तनाचा उरलेला सगळा वेळ आउटपुट २.३ ची सपाट रेघ असते.

म्हणजे चित्र असं: २.३ व्होल्टवर सपाट जमीन आणि तिच्यावर १० व्होल्ट उंचीपर्यंत गेलेली टेकडी. टेकडीचा पायथा गोलाई न घेता कोपरा करून उठतो.

इनपुट उणे १० असताना रेझिस्टरवर २.३ अधिक १० म्हणजे १२.३ व्होल्ट पडतात आणि डायोडमधून १.२३ मिलिअ‍ॅम्पिअर जातात. हा १२.३ चा आकडा लक्षात ठेवा. क्लॅम्परमध्ये तोच पुन्हा भेटणार आहे.

प्रश्न: आता रेझिस्टर काढून कपॅसिटर घातला. पहिल्या आवर्तनात काय होतं?

कपॅसिटर रिकामा आहे असं धरून पायरी-पायरीने जाऊ. एकदा नीट समजलं की पुन्हा कधी हे सगळं करायची गरज पडत नाही.

सर्किट चालू केल्या क्षणी इनपुट शून्य, कपॅसिटरवरही शून्य, म्हणून आउटपुट शून्य असायला हवं. पण ते जमिनीच्या खाली आहे. डायोड लगेच ऑन होतो आणि बॅटरी कपॅसिटरला २.३ व्होल्टपर्यंत चार्ज करते. आउटपुटकडची प्लेट धन. आता इनपुट वर जातं. आउटपुट त्याच्यापेक्षा २.३ ने वर राहतं, म्हणजे ९० अंशाला १२.३ होतं आणि डायोड ऑफ असतो. इनपुट परत शून्यावर येतं तेव्हा, १८० अंशाला, आउटपुट २.३ ला पोचतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते. इनपुट ऋण बाजूला उतरू लागतं, आउटपुटला त्याच्यामागे खाली जायचं असतं, पण डायोड त्याला २.३ वर धरून ठेवतो. मग दोन्हींमधलं वाढत जाणारं अंतर कपॅसिटरवर साठत जातं. २७० अंशाला इनपुट उणे १०, आउटपुट २.३, म्हणून कपॅसिटरवर १२.३ व्होल्ट. क्लिपरमध्ये रेझिस्टरवर क्षणभर पडलेला व्होल्टेज तो हाच.

२७० अंशानंतर इनपुट वर वळतं, आउटपुटही वर उठतं आणि डायोड ऑफ होतो. कपॅसिटरला रिकामं व्हायला वाट उरत नाही, म्हणून त्याच्यावरचे १२.३ तसेच राहतात. पुढे कायम आउटपुट = इनपुट + १२.३. तळ २.३, माथा २२.३ आणि मधला फरक इनपुटइतकाच, २० व्होल्ट.

म्हणून क्लॅम्परचं गणित सोडवताना सुरुवात शून्य अंशापासून करू नका. डायोड ज्या शिखराला ऑन असतो तिथून करा. त्या शिखराला आउटपुट पातळीवर ठेवा, कपॅसिटरचा व्होल्टेज काढा आणि तो उरलेल्या वेव्हला मिळवा. पहिल्या आवर्तनाचं वेगळं चित्र मागितलं असेल तरच वरचा लांबचा रस्ता धरायचा.

प्रश्न: डायोड आणि बॅटरी उलटसुलट केली तर? चारही प्रकार पाठ करावे लागतात का?

नाही. पातळी काढली की उत्तर तुमच्या हातात आलंच. ताळा करायला हा तक्ता वापरा. इनपुट तेच, १० व्होल्ट पीक.

| आउटपुटला डायोडचं टोक | बॅटरी | पातळी | क्लिपरचं आउटपुट | क्लॅम्परचं आउटपुट |
|---|---|---|---|---|
| कॅथोड | +३ | २.३ ची जमीन | २.३ ते १० | २.३ ते २२.३ |
| कॅथोड | −३ | −३.७ ची जमीन | −३.७ ते १० | −३.७ ते १६.३ |
| अ‍ॅनोड | +३ | ३.७ चं छत | −१० ते ३.७ | −१६.३ ते ३.७ |
| अ‍ॅनोड | −३ | −२.३ चं छत | −१० ते −२.३ | −२२.३ ते −२.३ |

पहिली आणि चौथी ओळ बघा. दोन्हींत आउटपुट पूर्णपणे शून्याच्या एकाच बाजूला आहे. तोंडी परीक्षेत हमखास याच दोन ओळींवर प्रश्न येतो, कारण "धन क्लिपर धन भाग कापतो" एवढंच पाठ केलेल्याला त्या काढता येत नाहीत.

प्रश्न: इनपुट लहान असेल, समजा २ व्होल्ट पीक, तरी हाच नियम चालतो का?

क्लिपरमध्ये चालतो, पण आउटपुट बघून दचकायला होतं. जमीन २.३ ची आणि इनपुट कधीच २ च्या वर जात नाही, म्हणून डायोड सतत ऑन राहतो आणि आउटपुट २.३ ची सरळ रेघ. तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीचं छत ३.७ चं, तिथे डायोड कधीच ऑन होत नाही आणि इनपुट जसंच्या तसं बाहेर येतं.

क्लॅम्परमध्ये मात्र जरा सांभाळून. २.३ ची जमीन असलेला क्लॅम्पर २ व्होल्ट पीकलाही ठीक चालतो, आउटपुट २.३ ते ६.३. पण ३.७ चं छत असलेल्या क्लॅम्परमध्ये रिकाम्या कपॅसिटरपासून सुरुवात केली तर आउटपुट २ च्या वर जात नाही, डायोड ऑन होत नाही, कपॅसिटर चार्ज होत नाही. वेव्ह छताला जाऊन टेकेल असं वाटतं, पण ती शून्याभोवतीच राहते. डायोड वेव्हला आपल्या पातळीच्या पलीकडे जाण्यापासून अडवतो, पातळीकडे ओढून नेत नाही.

प्रश्न: सिरीज क्लिपरचं काय?

डायोड वाटेत आणि रेझिस्टर आउटपुटवर असेल तर हिशोब बदलतो. समजा अ‍ॅनोड इनपुटकडे आहे आणि डायोडच्या सिरीजमध्ये ३ व्होल्टची बॅटरी इनपुटला विरोध करते आहे. मग इनपुट ३.७ च्या वर गेल्यावरच करंट वाहतो आणि तेव्हा आउटपुट = इनपुट − ३.७, म्हणजे शिखर ६.३. बाकीच्या वेळी आउटपुट शून्य. म्हणजे इथे कापाकापीही होते आणि उरलेला तुकडा खालीही सरकतो. आतापर्यंत पाहिलेल्या, म्हणजे शंट क्लिपरमध्ये उरलेला तुकडा जागच्या जागी असतो.

बॅटरी डायोडबरोबर न ठेवता रेझिस्टरच्या खाली ठेवली आणि आउटपुट दोन्हींवर मिळून घेतलं, तर डायोड ऑफ असताना आउटपुट शून्य नसून बॅटरीइतकं असतं. म्हणून आउटपुट कुठल्या दोन बिंदूंमध्ये मागितलं आहे हे आधी बघा.

प्रश्न: आउटपुटला लोड जोडला तर?

क्लिपरमध्ये डायोड ऑफ असताना रेझिस्टर आणि लोड मिळून व्होल्टेज डिव्हायडर बनतो. लोडही १० किलोओहमचा असेल तर आउटपुट इनपुटच्या निम्मं होतं आणि टेकडीचं शिखर १० ऐवजी ५. जमीन मात्र २.३ चीच. आउटपुट २.३ व्हायला इनपुट ४.६ हवं, म्हणून डायोड ऑफ होण्याचा कोनही १३.३ वरून सुमारे २७.४ अंशावर जातो.

क्लॅम्परमध्ये लोड कपॅसिटरला हळूहळू रिकामं करतो. कपॅसिटर १० मायक्रोफॅरड आणि लोड १०० किलोओहम घेऊ. टाइम कॉन्स्टंट १ सेकंद, म्हणजे आवर्तनाच्या ५० पट. लोडवर सरासरी १२.३ व्होल्ट, म्हणून सरासरी करंट ०.१२३ मिलिअ‍ॅम्पिअर आणि २० मिलिसेकंदांत कपॅसिटर साधारण ०.२५ व्होल्ट गमावतो. ते भरून काढायला डायोड प्रत्येक आवर्तनात तळाशी पोचायच्या सुमारे ०.७ मिलिसेकंद आधी ऑन होतो. तेवढ्या अरुंद खिडकीतून सगळा चार्ज जायचा असल्याने त्या वेळचा सरासरी करंट साडेतीन मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास जातो.

आता १० मायक्रोफॅरडच्या जागी ०.१ घाला. टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंदांचा, म्हणजे आवर्तनाच्या निम्मा. कपॅसिटर प्रत्येक फेरीत बराच रिकामा होतो, तळ रुंद आणि सपाट दिसतो, माथा २२.३ ला पोचत नाही. क्लॅम्परच्या आउटपुटचा तळ कापल्यासारखा दिसला तर डायोडवर संशय घेण्याआधी कपॅसिटर आणि लोड यांचा गुणाकार करून बघा.

प्रश्न: क्लॅम्पर जोडलाय, पण डीएसओवर वेव्ह शून्याच्या मध्यावरच दिसते. डायोड उडालाय का?

बहुतेक वेळा नाही. चॅनेलचं कपलिंग एसीवर असेल तर स्कोपच्या आतला कपॅसिटर नेमका तोच डीसी काढून टाकतो जो तुम्ही कष्टाने घातला आहे. कपलिंग डीसीवर न्या आणि आधी शून्याची रेघ कुठे आहे ते पाहून घ्या.

वेव्ह सरकलेली दिसते पण आकडे जुळत नाहीत, असंही होतं. तेव्हा फंक्शन जनरेटरवर १० व्होल्ट पीक लावलेत की १० पीक-टू-पीक, हे तपासा. आपल्याला २० पीक-टू-पीक हवेत. काही जनरेटर ५० ओहमचा लोड गृहीत धरून आकडा दाखवतात. लोड मोठा असला तर प्रत्यक्ष व्होल्टेज दाखवलेल्याच्या दुप्पट निघतो.

प्रश्न: बॅटरीऐवजी पॉवर सप्लाय वापरला तर छत ३.७ वर राहत नाही, वर सरकतं. असं का?

हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण लॅबमध्ये भेटतो. आपल्या मूळ शाखेत करंट बॅटरीच्या धन टोकातून बाहेर येतो, त्यामुळे तिथे सप्लायची काही तक्रार नसते. पण तिसऱ्या ओळीत, म्हणजे आउटपुटला अ‍ॅनोड आणि +३ व्होल्ट असताना, डायोडमधला करंट सप्लायच्या धन टोकात शिरतो. टेबलावरचे बरेचसे सप्लाय करंट देतात, घेत नाहीत. मग करंटला जायला जागा नसते आणि सप्लायचा व्होल्टेज ३ च्या वर चढतो.

उपाय साधा आहे. सप्लायच्या दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. त्यातून ३ मिलिअ‍ॅम्पिअर आधीच वाहत असतात. क्लिपरचा करंट जास्तीत जास्त १० वजा ३.७ भागिले १० किलोओहम, म्हणजे ०.६३ मिलिअ‍ॅम्पिअर. तो त्या रेझिस्टरमधून निघून जातो आणि सप्लाय ३ वर टिकतो.

प्रश्न: एकाच क्लिपरला जमीन आणि छत दोन्ही देता येतात का?

येतात, दोन शाखा समांतर लावून. फक्त छत जमिनीच्या वर असायला हवं. घाईत बॅटऱ्या बदलून जमीन ४.३ ला आणि छत २.७ ला गेलं, म्हणजे एका शाखेत ५ व्होल्ट आणि दुसऱ्या शाखेत २ व्होल्ट लागले, तर ५ ची बॅटरी दोन्ही डायोडमधून थेट २ च्या बॅटरीत करंट ढकलते. त्या वाटेत एकही रेझिस्टर नाही. १० किलोओहमचा रेझिस्टर इनपुटच्या बाजूला आहे, त्याचा इथे काही उपयोग नाही. डायोड तापतो आणि जातो.

प्रश्न: क्लॅम्परसाठी डायोड आणि कपॅसिटर कोणते घ्यावेत?

आउटपुट २२.३ वर असताना डायोडच्या कॅथोडला २२.३ आणि अ‍ॅनोडला ३, म्हणजे उलटा व्होल्टेज १९.३. कपॅसिटरवर १२.३, म्हणून २५ व्होल्टचा घ्या. इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याचं धन टोक आउटपुटकडे. डायोड उलटा केला तर कपॅसिटरही उलटा करावा लागतो, हे पुष्कळदा राहून जातं.

५० हर्ट्झला 1N4007 सुद्धा चालेल. वारंवारता दहा-वीस किलोहर्ट्झच्या पुढे गेली की तो वेळेवर ऑफ होत नाही आणि कोपऱ्यांवर उलट दिशेचे काटे दिसू लागतात. तिथे 1N4148 घ्या. त्याचा रिकव्हरी टाइम ४ नॅनोसेकंदांचा आहे.

प्रश्न: प्रत्यक्ष मोजलं तर पातळी २.३ नाही, थोडी वर येते. आणि जमीन अगदी सपाटही नाही.

०.७ हा सोयीचा आकडा आहे. 1N4148 मधून सुमारे १ मिलिअ‍ॅम्पिअर जात असेल तर ड्रॉप ०.६ च्या आसपास असतो, म्हणून जमीन २.४ च्या जवळ दिसते. करंट दहापट कमी झाला की ड्रॉप साधारण ०.१ व्होल्टने उतरतो. त्यामुळे क्लिपरची जमीन कडेला थोडी वर आणि मध्ये थोडी खाली झुकलेली असते, आणि कोपरे कागदावरच्याइतके टोकदार नसतात. डायोड गरम झाला तर ड्रॉप दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो.

प्रश्न: सिम्युलेशनमध्ये पहिलं आवर्तन हाताने काढल्यासारखं येत नाही. काय चुकतं?

ngspice आधी डीसी स्थिती काढतो आणि तिथून सुरुवात करतो. तोपर्यंत बॅटरीने डायोडमधून कपॅसिटर चार्ज केलेला असतो, त्यामुळे आउटपुट पहिल्या क्षणालाच २.३ च्या थोडं वर दिसतं. रिकाम्या कपॅसिटरपासून सुरू करायचं असेल तर `uic` लिहा:

```
* biased clamper
Vin in 0 SIN(0 10 50)
C1 in out 10u
D1 b out DX
Vb b 0 DC 3
R1 out 0 100k
.model DX D(Is=2.52n N=1.752 Rs=0.568)
.tran 10u 100m uic
.end
```

`run` करून `plot v(in) v(out)` द्या. सुरुवातीला आउटपुट उडी मारून जमिनीवर येईल, ५ मिलिसेकंदांवर १२ च्या थोडं वर, १० ते १५ मिलिसेकंदांमध्ये जवळजवळ सपाट आणि २५ मिलिसेकंदांवर २२ च्या वर. `C1` ला `0.1u` करून पुन्हा चालवलं की तळ रुंद झालेला दिसेल.